अकराव्या प्रकरणातला ‘गा’

इतवारी, नागपूर
ता. ४ सप्टेंबर १९३७

प्रेमलते,

या हातांनी आजवर जे बनवलं ते आधी लिहितो, म्हणजे आपण कोणाला विचारतो आहोत ते तुला कळेल. सागवानी बाजाच्या पेट्या, त्यांत पायपेटी एकच, ती नाटक मंडळीकडे आहे. त्या सगळ्यांचे भाते, कातडं स्वतः कापून, स्वतः चिकटवून. दुकानाची पाटी, अक्षरांसकट. आईचं देवघर. तुझ्या पहिल्या पाटीची चौकट, जिचा एक कोपरा तू पहिल्याच दिवशी चावून ठेवलास. आणि ही मराठी. हो, हीसुद्धा हातानंच बनवलेली. चौथीनंतर शाळा सुटली; मग वर्तमानपत्रांतले अग्रलेख उतरवून उतरवून ‘मले’चं ‘मला’ केलं, ‘काहून’चं ‘का’ केलं, तासलं, घासलं, पॉलिश मारलं. आता नवीन गिऱ्हाईक विचारतं, आपण मूळचे पुण्याचे का? मी नाही म्हणतो. पण जरा थांबून म्हणतो.

तुझं कार्ड आलं. सहा वर्षांनी! तू न विचारता लग्न केलंस, मी न सांगता पत्रं थांबवली, ते असो. कार्डात लिहितेस, “कादंबरीची प्रुफं पाठवीत आहे. प्रकाशकांना संवादांच्या भाषेबद्दल शंका असून नागपूरकडील जाणकाराने ती तपासावी असा त्यांचा आग्रह आहे. मला येथे परीक्षांचे काम असल्यामुळे आपण प्रुफं पाहून परस्पर छापखान्याकडे धाडावीत.” आपण! सख्ख्या भावाला आपण! तहसीलदारांना अर्ज लिहिला आहेस काय? बरं, आपण तर आपण. आपण प्रुफं काल संध्याकाळी उघडली आणि आपल्याला रात्री जेवायला बोलवावं लागलं.

अगं, काय लिहिलं आहेस हे! रामटेकच्या गडाखालचं गाव, तलाव, धानाच्या बांध्या, सगळं जसंच्या तसं. ती कौशल्या, नवरा वारलेली, एका बांधीच्या, एवढ्याशा भातखाचराच्या जिवावर सासूला सांभाळणारी. तो मालगुजाराचा कारभारी नत्थूजी, तलावाचं दार कधी उघडायचं आणि कोणाची बांधी वाळवायची हे ठरवणारा. धान पोटरीत आलं आहे, पाणी नाही, आणि नत्थूजी तिला रोज उद्या सांगतो. मी पान उलटताना बोटाला थुंकी लावायचंसुद्धा विसरलो.

पण भाषेत चुका आहेत. ठळक चुका आहेत. घाबरू नकोस, तुझा भाऊ आहे.

गिरिधर

ता. ७ सप्टेंबर

प्रेमलते,

काम झालं. प्रुफं आज दुपारच्या टपालानं छापखान्याकडे गेली. काय काय केलं ते तुला कळायला हवं, म्हणून सविस्तर लिहितो. दुकान बंद ठेवलं आहे. गोपिका म्हणते, “पेट्या कोन बनवीन जी? कौशल्या येईन का बनवाले?” तुझ्या वहिनीला तू फारशी ओळखत नाहीस. तीही रामटेककडचीच आणि अजून तशीच बोलते. मी सुधारायचा प्रयत्न केला, पण तिनं मलाच सुधारून टाकलं.

आधी जे बरोबर आहे ते. तीन माणसं एकाच घरात बसून बोलतात आणि नावं झाकली तरी कोण बोललं ते कळतं. ही साधी गोष्ट नाही. गावावरच्या कादंबऱ्या मी पुष्कळ वाचल्या. त्यांत सगळ्या शेतकऱ्यांना मिळून एकच तोंड असतं. ‘ला’ खोडून ‘ले’ लिहिलं की झाला लेखकाचा खेडूत तयार. म्हातारा तसाच, पोट्टा तसाच, सावकार तसाच.

तुझ्या पुस्तकात सासू जिजाबाई म्हणते, “माह्या डोयाले आता इहीर दिसत नाई, फक्त पानी आयकू येते.” डोळ्याचा डोया, विहिरीची इहीर. तिच्या तोंडात हिंदीचा एक शब्द नाही, कारण ती गाव सोडून कुठं गेलीच नाही. तिचा धाकटा मुलगा चंद्रभान नागपूरच्या गिरणीत जाऊन आलेला. तो म्हणतो, “मी दिवसभर ड्यूटी करून राहिलो, मले हे फालतूचे लफडे नाई पाहिजे. मतलब काय, पानी भेटन तं भेटन.” त्याचं ‘ले’ आईकडून आलेलं, ‘मतलब’ आणि ‘फालतू’ गिरणीतून, ‘ड्यूटी’ साहेबाकडून. तीन ओळींत त्याचा सगळा प्रवास! तू कुठंही सांगितलं नाहीस की तो बदलून आला. त्याच्या तोंडानं सांगितलं. आणि ‘पाणी मिळेल’ न लिहिता ‘पानी भेटन’ लिहिलंस, त्यावर मी टेबलावर हात आपटला. आपल्याकडे माणूसही भेटतो आणि पाणीही भेटतं, हे पुण्यात सहा वर्षं राहून विसरली नाहीस.

आणखी एक. दर शब्दाचं अंग मोडून तू त्याला खेडवळ केलं नाहीस. ‘ले’, ‘राहिलो’, ‘काहून’, हाक मारायचे ‘गा’ आणि ‘वं’, आणि मानाचं ‘जी’, एवढ्यावर काम भागवलंस. म्हातारीला थोडं जास्त दिलंस, बाकीच्यांना कमी. प्रत्येक उच्चार लिहून काढला की वाचणारा माणसाला हसतो, त्याचं ऐकत नाही.

आता चुका. मी छापखान्यासाठी लाल शाईत दुरुस्त्या केल्या आहेत.

पहिली. प्रकरण नऊ, तहसीलीत कौशल्या साहेबापुढे उभी राहून म्हणते, “मला त्या दिवशी पाणी मिळालं नाही.” आठ प्रकरणं ‘मले’ म्हणणारी बाई एकदम ‘मला’? आणि पुढच्याच ओळीत परत, “मले पानी भेटलंच नाई!” दोन ओळींत दोन बोल्या. हात घसरला तुझा. मी दोन्ही ठिकाणी ‘मले’ आणि ‘भेटलं’ केलं.

दुसरी, मोठी. प्रकरण अकरा. तलावाच्या पाळीवर कौशल्या आणि नत्थूजी समोरासमोर. नत्थूजी म्हणतो, “उद्या ये वं, उद्या पाहू.” आणि ती म्हणते, “काहून गा नत्थू? उद्या कोनाची बांधी राहीन?” अगं, तो कारभारी! दहा प्रकरणं ती त्याला “हो जी, नाई जी, कारभारीजी” करते आणि इथं ‘गा’? ‘गा’ तर बरोबरीच्या माणसाला, नाहीतर लहानाला. मी केलं, “काहून जी नत्थूजी?”

तिसरी, त्याच्याच खाली. नत्थूजी उत्तर देतो, “तसं नाई जी बाई.” कुळाच्या विधवेला कारभारी ‘जी’ म्हणणार? उलटंपालटं झालं आहे. ‘जी’ काढून टाकलं.

आता सगळं पुस्तक एका सुरात लागलं आहे. तुला समाधान वाटेल.

गिरिधर

ता. १२ सप्टेंबर, दुपार

प्रेमा,

हे पत्र वाचण्याआधी छापखान्यात माणूस पाठव. आधी पाठव, मग वाच.

पाठवलास? आता ऐक.

सकाळी नाटक मंडळीचे व्यवस्थापक वामनराव पायपेटी घेऊन दुकानात आले. हमालानं पेटी उतरवली न उतरवली तोच त्यांनी सुरू केलं की खालचे सूर खरखरतात, कालच्या प्रयोगाला नायिका गात होती आणि पेटी घोरत होती, ही पेटी नव्हे, खोकं आहे. गोपिका आतून पाणी घेऊन आली. म्हणाली, “बसा जी वामनराव, पानी घ्या. हे पाहून देतेत.” वामनराव पाण्याकडे न बघता म्हणाले, “वहिनी, तुम्ही आत जा. सुरांच्या गोष्टीत बायकांनी पडू नये. आणि खरं सांगायचं तर हा सुतार आहे, पेटीवाला नाही.”

मी पट्ट्या उचकटल्याच होत्या. खाली काय होतं सांगू? चुना, कात आणि सुपारीचा भुगा. पानाचा डबा पेटीवर ठेवून पानं लावली होती. मी तोंड उघडायच्या आत गोपिकेनं पाहिलं. पाण्याचा पेला तिनं खाली ठेवला, हळूच ठेवला, आणि म्हणाली,

“काहून गा वामन? पेटीवर पानठेला लावाले कोनं सांगतलं होतं तुले?”

आवाज चढवला नाही. शिवी नाही. फक्त ‘वामनराव’चा ‘वामन’ झाला, ‘जी’चा ‘गा’ झाला, ‘तुम्हाले’चं ‘तुले’ झालं. प्रेमा, त्या माणसाचा चेहरा पाहायला हवा होतास. भात्यातली हवा जावी तसा उतरला. रस्त्यावरचे दोघं थांबले. आणि वामनराव, जे दर प्रयोगाला पडद्यापुढे उभे राहून शुद्ध पुणेरीत निवेदन करतात, ते वामनराव म्हणाले,

“तसं नाई जी वहिनी...”

माझ्या हातातून पट्टी पडली. शब्दशः तेच, प्रेमा! तुझं प्रकरण अकरा माझ्या दुकानात उभं होतं! ‘जी’ हललं होतं. या तोंडातून निघून त्या तोंडात गेलं होतं. कोणी सांगितलं नाही, कोणी मागितलं नाही. तिनं ‘गा’ म्हटल्याबरोबर ते त्याच्या तोंडात आपोआप गेलं.

आणि मी लाल शाईनं ते परत जागेवर बसवून ठेवलं आहे! कौशल्येनं दहा प्रकरणं ज्याला ‘जी’ म्हटलं त्याला तलावाच्या पाळीवर ‘गा’ म्हणणं, हीच तर तुझी कादंबरी. ती दगड उचलत नाही, रडत नाही, भाषण करत नाही. एक अक्षर बदलते. आणि लगेच कारभारी तिला ‘जी’ म्हणतो आणि तलावाचं दार उघडायला वाकतो. तू वाकण्याचं एक वाक्य लिहिलंस, पण तो वाकला आधीच्या ओळीत. माझ्या दुरुस्तीत ती नम्रपणे विचारते, तो साधं उत्तर देतो आणि मग दार उघडतो. काहून उघडतो? वाचणाऱ्याला कळणारच नाही. म्हणतील, कारभारी देवमाणूस होता बुवा!

वामनरावांना तसंच सोडून छापखान्याला तार करायला तारघराकडे पळालो. पायात एक चप्पल गोपिकेची होती. तारबाबू उत्तरेकडचा. तार इंग्रजी अक्षरांत लिहावी लागते, मी लिहिलं, “चॅप्टर इलेव्हन. जी कॅन्सल. गा करेक्ट. सेकंड जी नॉट कॅन्सल.” बाबूनं कागद उलटासुलटा केला.

“ये जी-गा क्या है, भाईसाब? कोई कोड है? सट्टा-वट्टा?”

“किताब की बात है. एक औरत का सवाल है.”

“औरत का?” तो अजूनच सावध झाला. “तो गा मतलब गाना गाओ?”

मी त्याला समजावलं. काउंटरवर वाकून, हातवारे करून, कौशल्या, नत्थूजी, तलाव, धान, सगळं. मागे रांग लागली. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, “मंग पानी सोडलं का गा त्यानं?” मी म्हटलं, सोडलं. तो म्हणाला, “सोडनच.” बाबूनं तार घेतली.

पण तार रोमन अक्षरांत आहे. तिकडे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यानं ‘गा’चा ‘गो’ वाचला तर? म्हणून तू स्वतः जा. आत्ता जा.

गिरिधर

ता. १९ सप्टेंबर

प्रेमा,

तुझं पत्र मिळालं. पहिली ओळ दुकानात उभ्यानं वाचली, दुसरीसाठी खुर्चीवर बसलो.

“काहून गा भाऊ, असं केलंस? तुले कोनं सांगितलं होतं माह्या कौशल्याच्या तोंडाले पॉलिश कराले?”

पुढची दोन पानं तू मला जे बोललीस ते सगळं मान्य. मान्य काय, ते मी गोपिकेला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मस्त झापलं नणदेनं. अजून वाचा.” तू लिहितेस की हे तुझं एकच पुस्तक आहे, संवाद बिघडले तर छापायचंच नाही, प्रुफं मागवून चुलीत घालीन, आणि हेही की प्रकाशक म्हणाले, तुमच्या भावानंच दुरुस्ती केली, आता तार करून नाही म्हणतो, म्हणजे नागपूरकरांचंच आपसांत जमत नाही, आम्ही थांबू आणि आमचा माणूस पाठवू. सगळं वाचलं. पण मी सांगू का, माझं लक्ष कुठं होतं? कार्डात मी ‘आपण’ होतो. पत्रात मी ‘गा’ झालो.

आणि पाहा ही गंमत! कौशल्या नत्थूजीला ‘गा’ म्हणते तेव्हा त्याला खाली आणते. गोपिका वामनरावांना ‘गा’ म्हणाली तेव्हा त्यांची खुर्ची काढून घेतली. आणि तू मला ‘गा’ म्हणालीस तर मी परत घरचा झालो. शब्द तोच. म्हणजे ‘गा’चा अर्थ ‘गा’त नाही. तो कोणापासून कोणाकडे चालला आहे आणि काल तिथं कोणता शब्द होता, त्यात आहे. शब्दकोशात बघून बोली लिहिता येत नाही ती याचमुळे. आपल्याकडचा प्रत्येक शब्द बरोबर लिहूनही माणूस चुकीचा होऊ शकतो. मी तेच केलं होतं. एकसारखं म्हणजे बरोबर, असं मला वाटलं. पेटीत एका पट्टीला एकच सूर असतो, तोंडाचं तसं नाही.

मग मी प्रुफांबरोबर आलेलं तुझं हस्तलिखित काढून सगळी कादंबरी पुन्हा वाचली, या वेळी मोठ्यानं. गोपिका तांदूळ निवडत ऐकत होती. प्रकरण नऊ. तहसील. “मला त्या दिवशी पाणी मिळालं नाही.” गोपिका न बघता म्हणाली, “हे वकिलानं शिकवलं हाये तिले.” झालं! मी खोडलेली ओळ! ते वाक्य कौशल्येचं नाहीच. वकिलानं घोकून घेतलेलं आहे, आणि साहेब वर न बघता लिहीत राहतो, कारण त्याला ते रोज ऐकू येतं. मग तो विचारतो, “नक्की?” आणि तिच्या तोंडून निघतं, “मले पानी भेटलंच नाई!” तेव्हा साहेब पहिल्यांदा मान वर करतो. हे तू तिथं लिहिलेलंच आहे, “साहेबांनी मान वर केली.” मी ते वाचलं होतं आणि पुढे गेलो होतो. घोकलेली बोली आणि पोटातली बोली एकाखाली एक ठेवून तू खरं-खोटं दाखवलंस, आणि मी दोन्हीला एकच रंग फासला.

नत्थूजीचंही दिसलं. कुळांशी बोलताना तो ‘ला’ म्हणतो, कचेरीतला माणूस ना. “तुला उद्या सांगतो.” मालगुजार दरडावतो तेव्हाच, “मले नाई माहीत, मालक, मले नाई माहीत!” भीतीनं त्याचा ‘ला’ गळून पडतो. तोही गावचाच आहे, हे फक्त तेवढ्या ओळीत. मला तो माणूस आवडत नव्हता. त्या ओळीला जरा आवडला.

निवेदनात मात्र सगळं पुस्तकी. पण मधेच तू ‘बांध’ न लिहिता ‘धुरा’ लिहितेस, “धुऱ्यावर गवत वाढलं होतं.” सांगणारी बाहेरची नाही, शिकून बाहेर गेलेली इथलीच आहे, असा त्यातून वास येतो. मी ते दुरुस्त केलं नव्हतं. एवढं तरी लिहून ठेव माझ्या नावावर.

प्रकाशकाचा माणूस येऊ दे. मी आहे.

गिरिधर

ता. ३ ऑक्टोबर

प्रेमे,

गणपतराव आले होते. तुझ्या प्रकाशकांचे माणूस, शाळाखात्याच्या क्रमिक पुस्तकांच्या कामासाठी नागपुरात आले, धर्मशाळेत उतरले, आणि काल सकाळी छत्री झाडत दुकानात. मी चहा मागवला. गोपिकेनं चिवडा दिला. ते चांगले गृहस्थ आहेत. कोटाचं वरचं बटण लावून चिवडा खातात.

त्यांनी प्रुफं काढली. तुझी मूळ ओळ, माझी लाल शाई, आणि माझ्या तारेचा कागद वर टाचलेला. म्हणाले, “गिरिधरपंत, आमचा प्रश्न सरळ आहे. पुण्या-मुंबईचा वाचक ‘काहून गा नत्थू’ वाचून म्हणेल की ‘ग’ला काना चुकून लागला. तुमची पहिली दुरुस्तीच आम्हाला सोयीची होती. ‘जी’ सगळ्यांना कळतं.”

मी म्हटलं, “गणपतराव, वाद नको. तुम्ही कौशल्या व्हा, मी नत्थूजी. आधी माझी दुरुस्ती वाचू.”

ते हसले, पण वाचलं. मी म्हणालो, “उद्या ये वं, उद्या पाहू.” त्यांनी वाचलं, “काहून जी नत्थूजी? उद्या कोनाची बांधी राहीन?” छान वाचलं, शाळेत कविता म्हणावी तसं. मी उत्तर दिलं. त्यांनी चिवड्याचा घास घेतला. काही झालं नाही.

“आता हिची मूळ ओळ.”

मी नत्थूजीसारखा पाय पसरून बसलो आणि म्हटलं, “उद्या ये वं, उद्या पाहू.” आणि त्यांनी वाचलं, “काहून गा नत्थू?” प्रेमे, तो माणूस पुण्याचा, त्यानं आयुष्यात कोणाला ‘गा’ म्हटलं नसेल, तरी ‘गा’वर त्याची हनुवटी वर आली! त्याचं त्यालाही कळलं नाही. “उद्या कोनाची बांधी राहीन?” हे तो थेट माझ्याकडे बघून म्हणाला. आणि मी, मी ठरवलं होतं की सावकाश वाचायचं, पण माझे पाय आपोआप आत आले. “तसं नाई जी बाई,” मी म्हटलं, आणि ते माझ्या घशातून निघालं, कागदावरून नाही. गोपिका दारात होती. ती म्हणाली, “पाहा, दोघंही हालले.”

गणपतरावांनी चिवड्याची बशी बाजूला सारली. मग म्हणाले, “पण वाचकाला ‘गा’ कळणार कसा?”

“तुम्हाला कोणी सांगितला?”

“तुम्ही... नाही. नाही सांगितलात.” त्यांनी पानं मागे उलटली. “दहा प्रकरणं ‘जी’ ऐकलं होतं, म्हणून.”

“म्हणून. तिनं आधी शिकवून ठेवलं आहे. पुस्तकच शब्दकोश आहे. कुठं तळटीप नको, कंस नको.”

त्यांनी खिशातून निळी पेन्सिल काढली, माझ्या तिन्ही लाल दुरुस्त्यांवर काट मारली, समासात लिहिलं, “मूळप्रमाणे ठेवावे,” आणि खाली सही केली. प्रकरण नऊ, जिथली वकिलाची गोष्ट मी त्यांना सांगितली, आणि प्रकरण अकरा, दोन्ही. मी सही वाळेपर्यंत कागद धरून उभा होतो. पेन्सिलची सही वाळत नसते, हे गोपिकेनं सांगितलं. पुस्तक दिवाळीनंतर येईल. तू लिहिलंस तसं येईल. चुलीसाठी दुसरं काही बघ.

आपल्या यजमानांना घेऊन येणार असशील तर थंडीत ये. त्यांना संत्री आवडतात का ते कळव. आवडत नसतील तरी ये.

तुला वाटेल इथं संपलं. नाही. चहाचा दुसरा पेला झाल्यावर गणपतरावांनी पिशवीतून आणखी तीन हस्तलिखितं काढली. तीन वेगळे लेखक, तिघंही शहरातले, तिन्ही कादंबऱ्या खेड्यावरच्या. सगळ्या माणसांची भाषा पुस्तकी. ते म्हणाले, “तुमचा कान पाहिला. आता हे करा. जिथं ‘ला’ आहे तिथं ‘ले’ घाला, ‘का’ला ‘काहून’ करा, पुरुषाला ‘गा’, बाईला ‘वं’. मातीचा वास यायला हवा. पंधरा दिवसांचं काम. आतल्या पानावर तुमचं नाव छापू, ‘बोलीतज्ज्ञ’ म्हणून.”

बोलीतज्ज्ञ! प्रेमे, खोटं कशाला बोलू, तो शब्द मी मनात तीनदा वाचला. मग एक हस्तलिखित मधेच उघडलं. एक शेतकरी आपल्या भावाशी बोलत होता. मी विचारलं, हा मोठा की तो? हा गाव सोडून कधी गेला होता का? याचं त्याच्याशी पटतं का? गणपतराव म्हणाले, “ते लेखकानं लिहिलेलं नाही.” मी म्हटलं, “मंग मी याच्या तोंडात ‘ले’ घालू की ‘ला’, ‘गा’ घालू की ‘जी’, मले कसं कळन?” हो, तसंच म्हणालो, पुण्याच्या माणसापुढे, आणि दुरुस्त केलं नाही.

हस्तलिखितं बांधून त्यांच्या पिशवीत परत ठेवली. ते कादंबरीमागे पंचाहत्तर देत होते, तिन्ही मिळून सव्वादोनशे रुपये, निम्मे तिथंच टेबलावर. मी नाही म्हटलं.

भाऊ